मानवी हृदयाचा उभा छेद, हाताने काढलेली आकृती : नावांची यादी आणि प्रत्येक नाव दाखवत असलेला भाग

ही यादी आकृती स्वच्छ करून पुन्हा काढणाऱ्यासाठी आहे. मूळ आकृती ए-४ आकाराच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेली असून नावे निळ्या पेनने लिहिली आहेत. नळ्यांना लाल आणि निळी रंगपेन्सिल फिरवली आहे. एकूण १५ नावे आहेत : पानाच्या डाव्या कडेला ७, उजव्या कडेला ७ आणि खाली १.

आधी बाजूंचा घोळ मिटवून घेऊ. हृदय समोरून पाहिल्यासारखे काढले आहे, त्यामुळे शरीराची उजवी बाजू पानावर डावीकडे येते. खाली ‘पानाची डावी’ म्हटले असेल तिथे कागदाची बाजू समजावी. ‘उजवे अलिंद’, ‘डावे निलय’ ही भागांची नावे मात्र शरीराच्या बाजूनेच आहेत.

रेषेचे टोक जिथे थांबते तो भाग यादीत घेतला आहे. नाव ज्याच्या जवळ लिहिले आहे, किंवा तिथे जे असायला हवे, त्यावरून काही ठरवलेले नाही. अवतरणातले शब्द आकृतीत जसे आहेत तसेच ठेवले आहेत, चुकांसकट.

पानाची डावी कड, वरून खाली

१. ‘ऊर्ध्व महाशिरा’ – वरून येऊन उजव्या अलिंदात उघडणारी जाड निळी नळी. टोक नळीच्या मधोमध.

२. ‘फुप्फुस धमनी’ – ऊर्ध्व महाशिरेच्या मागून पानाच्या डावीकडे बाहेर आलेला निळा फाटा, म्हणजे उजव्या फुप्फुसाकडे जाणारी शाखा. हिच्या लगेच खाली दोन बारीक लाल तुकडे आहेत. त्यांना नाव नाही.

३. ‘उजवे अलिंद’ – वरच्या उजव्या कप्प्याची पोकळी.

४. ‘त्रिदल झडप’ – उजवे अलिंद आणि उजवे निलय यांच्यामधला पडदा. रेषा पडद्याच्या दोनेक मिलिमीटर आधीच, अलिंदाच्या पोकळीत थांबते. रेषेची दिशा सरळ पडद्याकडे आहे आणि अलिंदाला वेगळे नाव आहे, त्यामुळे भाग नक्की. नव्या आकृतीत रेषा पडद्याला टेकवावी, नाहीतर ती अलिंदच दाखवते आहे असे वाटेल.

५. ‘अर्धचंद्राकृती झडप’ – फुप्फुस धमनीच्या मुखाशी असलेली झडप. ही पानावरची सर्वांत लांब रेषा. ती उजव्या अलिंदावरून आणि महाधमनीच्या बुंध्यावरून जाते, पण टिंब निळ्या नळीच्या मुखातच आहे. महाधमनीच्या मुखाशीही तशीच झडप काढली आहे. तिला नाव नाही आणि ही रेषा तिथे थांबत नाही. दोन्ही झडपा अर्धचंद्राकृतीच असल्याने नुसत्या नावावरून फरक कळत नाही, म्हणून यादीत ‘फुप्फुस धमनीच्या मुखाची’ हे शब्द जोडून ठेवावेत.

६. ‘उजवे निलय’ – खालच्या उजव्या कप्प्याची पोकळी.

७. ‘अधो महशिरा’ – खालून उजव्या अलिंदात येणारी निळी नळी. ‘महा’मधला काना राहून गेला आहे. शुद्ध रूप : अधोमहाशिरा.

पानाची उजवी कड

८. ‘महाधमनी’ – लाल कमान. टोक कमानीच्या माथ्यावर, तिथून वर निघणाऱ्या तीन फाट्यांपैकी पहिल्याच्या अगदी शेजारी. रेषा फाट्यात शिरलेली नाही, कमानीच्या कडेवर थांबली आहे.

९ आणि १० एकत्र पाहावी लागतात. वर ‘फु. शिरा’, खाली ‘फु. धमनी’. आकृतीत त्यांच्यासमोरच वर निळी नळी आणि खाली लाल नळ्यांची जोडी आहे. घाईत वाचले की वरचे नाव वरच्या नळीला आणि खालचे खालच्या नळीला लागते, आणि दोन्ही उलटी होतात. प्रत्यक्षात या दोन रेषा हृदयाच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर अलीकडे एकमेकींना छेदतात. दोन्ही पट्टीने ओढलेल्या आहेत. छेदाच्या जागी पेन्सिलीचा ठिपका गडद झाला आहे आणि त्याच्या पलीकडे दोन्ही रेषा त्याच सरळीत पुढे जातात. कुठेही कोन किंवा वळण नाही. म्हणजे रेषा तिथे भेटून परतलेल्या नाहीत, आरपार गेल्या आहेत. त्यानुसार :

९. ‘फु. शिरा’ – खालची लाल जोडी, डाव्या अलिंदात उघडणाऱ्या फुप्फुस शिरा.

१०. ‘फु. धमनी’ – वरचा निळा फाटा, डाव्या फुप्फुसाकडे जाणारी फुप्फुस धमनीची शाखा.

पडताळाही जुळतो. फुप्फुस धमनी उजव्या निलयातून निघते आणि कमी ऑक्सिजनचे रक्त नेते, म्हणून निळी. शिरा ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या अलिंदात आणतात, म्हणून लाल. क्र. २ चा फाटाही निळाच आहे. नव्या आकृतीत या दोन नावांची जागा अदलाबदल करावी, रेषा छेदायचे कारणच उरणार नाही.

११. ‘डावे अलिंद’ – वरच्या डाव्या कप्प्याची पोकळी.

१२. ‘द्विदल झडप’ – टोक पडद्यावर नाही. पडद्याला खालून धरणाऱ्या दोऱ्यांवर आहे, पडद्यापासून चारेक मिलिमीटर खाली. काढणाऱ्याला झडपच दाखवायची असावी, कारण क्र. ४ ची जोडी तीच आहे. तरीही काटेकोर वाचनात टोक दोऱ्यांवर पडते. शंका १.

१३. ‘डावे निलय’ – खालच्या डाव्या कप्प्याची पोकळी. या नावाखाली खोडरबराने पुसलेले जुने नाव पुसट दिसते. ते वाचता येत नाही, म्हणून यादीत नाही.

१४. ‘हृदयावरण’ – इथे नाव आणि टोक जुळत नाहीत. हृदयाच्या कडेला दोन समांतर बारीक रेषा काढल्या आहेत. आवरण म्हणजे त्या. नावाची रेषा मात्र त्या दोन्ही ओलांडून डाव्या निलयाच्या जाड भिंतीत तीनेक मिलिमीटर आत गेली आहे, आणि ती भिंत म्हणजे हृदयाचा स्नायू. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा बरीच जाड काढली आहे (ते बरोबरच आहे), त्यामुळे टोक स्नायूत आहे हे उघड दिसते. यादीत टोकानुसार ‘डाव्या निलयाची स्नायुमय भिंत’ असे लिहिले आहे. शंका २.

खाली

१५. ‘आंतरनिलय पटल’ – दोन निलयांमधली उभी भिंत. रेषा खालून हृदयाच्या टोकाजवळून आत शिरते आणि भिंतीच्या मध्यावर थांबते.

नावे म्हणून न घेतलेला मजकूर

‘मानवी हृदय – उभा छेद’ हे शीर्षक आहे. ऊर्ध्व महाशिरेच्या वर ‘अशुद्ध रक्त’ आणि महाधमनीच्या कमानीवर ‘शुद्ध रक्त’ असे लिहून बाण काढले आहेत. बाणांना टोकाशी पाते आहे, नावांच्या रेषांना टिंब. त्यावरून ते प्रवाहाची दिशा दाखवतात, भाग नव्हे.

काढलेले पण नाव नसलेले भाग

महाधमनीच्या मुखाची झडप, कमानीवरचे तीन फाटे, दोन्ही झडपांच्या दोऱ्या, आणि क्र. २ च्या खालचे दोन लाल तुकडे. हे तुकडे उजव्या अलिंदाला टेकलेले दिसतात, पण त्या उजव्या फुप्फुसाकडून येणाऱ्या फुप्फुस शिरा आहेत आणि अलिंदाच्या मागून डाव्या अलिंदाकडे जातात. नव्या आकृतीत त्या उजव्या अलिंदात उघडल्यासारख्या काढू नयेत. यांपैकी कशालाही स्वतःहून नाव देऊ नये.

मूळ आकृती काढणाऱ्याला विचारायचे

शंका १ : क्र. १२ ची रेषा पडद्यावर न्यायची, की दोऱ्यांना वेगळे नाव द्यायचे?

शंका २ : क्र. १४ ची रेषा मागे घेऊन बाहेरच्या दुहेरी कडेवर थांबवायची, की टोक आहे तिथेच ठेवून नाव ‘हृदयस्नायू’ करायचे? उत्तर येईपर्यंत ही दोन नावे नव्या आकृतीत पेन्सिलीनेच ठेवावीत. उरलेली १३ शाईने लिहायला हरकत नाही.