शिष्यवृत्तीसाठी निबंध : गोड पाण्यातले फ्लोराइड

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात बायका हापशी निवडतात ती डाळीवरून. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते आणि साबणाला फेस येतो, ते पाणी गोड. ते प्यायला, उरलेले भांड्यांना, गुरांना. खोट नेमकी इथेच असू शकते. डाळ शिजते कारण पाण्यात कॅल्शियम कमी असते, आणि कॅल्शियम कमी असले की खडकातून सुटलेले फ्लोराइड त्याच्याशी संयोग पावून खाली बसत नाही, पाण्यातच राहते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

बी.एस्सी.च्या प्रकल्पात मी एकाच हापशीच्या पाण्याची कठीणता ईडीटीए अनुमापनाने आणि फ्लोराइड स्पॅडन्स या रंगद्रव्याच्या पद्धतीने मोजते. फ्लोराइड जितके जास्त, तितका रंग फिका. वाचन ५७० नॅनोमीटरवर. टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीचा नमुना फसवतो, कारण क्लोरीनही रंग उडवते आणि फ्लोराइड नसताना दिसते. त्यावर आधी सोडियम आर्सेनाइटचा थेंब घालावा लागतो. १.४ च्या वर वाचन गेले, तर नमुना पातळ करून पुन्हा.

मुलगी असल्यामुळे आलेल्या अडचणी इथे कामाच्या अटी म्हणून नोंदवते. मुलींच्या वसतिगृहाचे दार सातला बंद होते, मुलांचे नऊला. स्पेक्ट्रोफोटोमीटर पाचनंतर मोकळा होतो. प्रमाण द्रावणे आणि नमुने एकाच तापमानाला, एकाच बैठकीत वाचायचे असतात. म्हणून एका बैठकीला सहाच नमुने घेते. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत २८ दिवस टिकतो, त्यामुळे घाई फक्त यंत्रापाशी असते.

एकटीने गावोगाव फिरायला घरून परवानगी नाही. वर्गमैत्रीण सोबत असते आणि बाटल्यांवरचे आकडे तीच टाकते. कोणती बाटली कोणत्या हापशीची हे मोजताना मला ठाऊक नसते. खरे तर हे मी एकटी गेले असते तरी करायला हवे होते. दुसरा फायदा हापशीवर होतो. घरातले पुरुष ‘सगळे एकच पाणी’ म्हणून मोकळे होतात. उन्हाळ्यात कोणती हापशी आटते, मग प्यायला कुठले पाणी येते, हे बायका आम्हाला घागर भरता भरता सांगतात. ही माहिती नसेल तर वर्षभराचे सेवन मोजताच येत नाही.

शिष्यवृत्तीतून फ्लोराइड इलेक्ट्रोड, हातात धरायचा मीटर आणि बफर द्रावण घ्यायचे आहे. वाचन हापशीवरच होईल आणि सातच्या दाराचा प्रश्न सुटेल; प्रत्येक दहावा नमुना मात्र स्पॅडन्सने पडताळून पाहीन. उरलेली रक्कम दोघींच्या एसटीला. महिलांना तिकीट अर्धेच लागत असल्याने ती उन्हाळ्याच्या फेऱ्यांनाही पुरेल.