कामानुसार सुरक्षा साधने निवडा : सराव प्रश्नसंच, उत्तरे आणि स्पष्टीकरणांसह

यवतमाळ जिल्ह्यातील शेतमजूर, सालदार, फवारणी करणारे आणि गावातल्या वर्कशॉपमधले कारागीर यांच्या हंगामपूर्व प्रशिक्षणासाठी. प्रश्न ८, वेळ २५ मिनिटे. प्रत्येक प्रश्नाचे एकच उत्तर बरोबर आहे.

पर्याय वाचण्याआधी तीन गोष्टी ठरवा. धोका अंगात कुठून शिरतो : कातडीतून, श्वासातून की डोळ्यातून? तो धूळ आहे, थेंब आहे की वायू? आणि निवडलेले साधन स्वतःच अडकेल, वितळेल किंवा ओले होईल का?

प्रश्न १. सप्टेंबरअखेर पऱ्हाटी छातीच्या वर गेली आहे. बोंडअळीसाठी प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण फवारायचे आहे. हातात काय आणि कसे घालाल?

अ) सुती हातमोजे, बाहीच्या आत
ब) लांब नायट्राइल हातमोजे, बाहीच्या आत
क) लांब नायट्राइल हातमोजे, बाहीवरून चढवून, कड बाहेर दुमडून
ड) चामडी हातमोजे, बाहीवरून

उत्तर : क. प्रोफेनोफॉस कातडीतून रक्तात उतरते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीतून जी विषबाधा झाली, तिच्यामुळे हा प्रश्न पहिला ठेवला आहे. सुती कापड आणि चामडे औषध शोषतात आणि तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतात, म्हणून त्यापेक्षा उघडा आणि लगेच धुतलेला हात बरा. औषधातले तेलकट द्रावण नायट्राइलमधून सहज पार होत नाही. दवाखान्यातले पातळ मोजे मात्र पंपाच्या दांड्याला घासून फाटतात. जाड आणि निदान ३० सेंटिमीटर लांबीचे घ्या.

खरी मेख ब आणि क यांच्यात आहे. उंच पऱ्हाटीत लान्स वर धरावा लागतो, हात वर जातो आणि औषध बोटांवरून कोपराकडे ओघळते. मोजा बाहीच्या आत असेल तर ते थेट बाहीत शिरते. मोजा बाहीवर चढवून त्याची कड ४-५ सेंटिमीटर बाहेर दुमडली की ओघळ त्या खोबणीत अडतो. जुलैअखेरच्या गुडघाभर सोयाबीनवर नेमके उलटे करायचे, कारण तिथे हात खाली असतो : मोजा आत, बाही वर. पँट मात्र नेहमी गमबुटाच्या बाहेरच ठेवा. आत खोचली की बूट औषधाने भरतो.

काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मगच काढा. शर्ट पाठीवर गळक्या पंपाने ओला झाला तर तास संपायची वाट पाहू नका. कपडे उतरवून अंग धुवा.

प्रश्न २. याच फवारणीत नाकातोंडासाठी काय?

अ) ओला दुपट्टा, दोन पदरी
ब) एन-९५ मुखवटा
क) सर्जिकल मास्कचे दोन थर
ड) सेंद्रिय बाष्पाचे काडतूस आणि त्यावर कण गाळणारा थर असलेला अर्धा मुखवटा

उत्तर : ड. फवाऱ्यातून बारीक थेंब उडतात, आणि औषधाची वाफही निघते. एन-९५ थेंब अडवतो, वाफ नाही. काडतुसातला कोळसा वाफ धरतो, पण थेंबांनी लवकर भरतो, म्हणून दोन्ही थर हवेत. ओला दुपट्टा सर्वात वाईट : तो औषध गोळा करून नाकाशीच बांधून ठेवतो.

लावल्यावर तपासा. काडतुसांची तोंडे तळव्याने झाकून श्वास आत ओढा. मुखवटा गालावर ओढला गेला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर तो बसणारच नाही. आत औषधाचा वास येऊ लागला की काडतूस संपले. वापरानंतर ते बंद पिशवीत ठेवा, नाहीतर घरात टांगलेलेसुद्धा हवेतून भरत राहते. डब्यातले मूळ औषध बादलीत ओतताना एप्रन आणि चेहऱ्याची ढालही लावा, कारण तिथे औषध विनापाण्याचे असते आणि एक शिंतोडा पुरतो.

प्रश्न ३. सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये पेंढ्या सारणाऱ्या मजुरासाठी योग्य संच कोणता?

अ) चामडी हातमोजे, गॉगल, डोक्याला दुपट्टा
ब) गॉगल, एफएफपी२ धूळमुखवटा, अंगालगत कपडे, घट्ट टोपी, हात मोकळे
क) जाड रबरी हातमोजे आणि सैल सदरा
ड) फक्त धूळमुखवटा

उत्तर : ब. ‘हातमोजे घातले की सुरक्षित’ हा समज फिरणाऱ्या यंत्रापाशी जीव घेतो. मोज्याचे एक टोक ड्रमच्या खिळ्याला लागले की तो हाताला आत खेचतो आणि मोजा सोडायला क्षणही मिळत नाही. दुपट्टा, करगोट्यातला धागा, बांगड्या, साडीचा पदर यांचेही तेच. बाहीचे बटण लावा, पदर कमरेला खोचा.

मोकळ्या हाताचे रक्षण मोज्याने होत नाही, ते यंत्रावरच्या पेंढ्या आत सारायच्या घसरगुंडीने होते. ती किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. काही मालक घाईत ती काढून ठेवतात. अशा थ्रेशरवर काम सुरूच करू नका. कुटाराच्या धुळीसाठी कापड चालत नाही, एफएफपी२ हवा.

प्रश्न ४. जुन्या १२ मीटर खोल विहिरीत गाळ काढायला एकजण उतरला आणि चक्कर येऊन खाली पडला. वर उभ्या साथीदाराने काय घालून उतरावे?

अ) नाकाला ओला दुपट्टा
ब) एन-९५ मुखवटा
क) फवारणीचा काडतुसाचा मुखवटा
ड) बाहेरून किंवा नळकांड्यातून हवा पुरवणारा संच असल्याशिवाय उतरूच नये

उत्तर : ड. या प्रश्नात तिन्ही मुखवटे सारखेच निरुपयोगी आहेत. मुखवटा हवा गाळतो, हवा तयार करत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांखाली गेला की जागा धोक्याची मानतात. विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि आत डिझेल इंजिन चालवले असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजू नका.

कंदील सोडून बघण्याची जुनी रीतही सोडा. मिथेन असेल तर तो पेटतो, आणि ज्योत जळत राहिली तरी कार्बन मोनॉक्साइड मारू शकतो. बचावाची तयारी उतरण्याआधीच हवी : उतरणाऱ्याला पूर्ण अंगाचा पट्टा, दोर वरच्या तिपायीला, वर दोन माणसे, आणि आधी चार वायूंचा मापक खाली सोडून तपासणी. एवढे असले की पडलेल्याला वरूनच ओढता येते, कोणी उतरावेच लागत नाही. हे नव्हते तर अग्निशमन दलाला बोलवा. ब्लोअरने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने हवा ढवळत राहा. गोबरगॅसच्या खड्ड्यालाही हेच लागू.

प्रश्न ५. धान्याच्या गोदामात परवानाधारक पथक ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवत आहे. गोळ्या हाताळताना कोणते हातमोजे?

अ) कोरडे सुती
ब) रबरी, आत घाम आला तरी चालेल
क) ओले सुती
ड) काहीच नको

उत्तर : अ. पहिल्या प्रश्नाच्या नेमके उलट, आणि म्हणूनच मुद्दाम ठेवलेला. ही गोळी ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फिन वायू सोडते. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम. रबरी मोज्यात घाम कोंडतो आणि गोळीची भुकटी तिथेच वायू सोडू लागते. कोरड्या सुती मोज्यात घाम सुकतो. फॉस्फिन धूळमुखवट्याने अडत नाही, त्यासाठी फॉस्फिनसाठीच्या डब्याचा पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा लागतो. हे औषध भारतात प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीशिवाय वापरता येत नाही. घरातल्या तुरीच्या पोत्यात, झोपायच्या खोलीत गोळी टाकणे हा आत्मघात आहे.

प्रश्न ६. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा तुटलेला जोड साधारण १२० अँपिअरवर आर्क वेल्डिंगने जोडायचा आहे. काच कोणत्या नंबरची?

अ) साधा काळा चष्मा
ब) ५ नंबर
क) १० किंवा ११ नंबर
ड) १४ नंबर

उत्तर : क. ५ नंबर गॅस वेल्डिंगपुरता. १४ नंबरातून वितळलेला डबका दिसतच नाही, मग माणूस काच वर करून बघतो आणि डोळे भाजून घेतो. डोळ्यात वाळू खुपल्यासारखे दुखणे बहुधा रात्री सुरू होते, म्हणून कामाशी त्याचा संबंध लावत नाहीत. नायलॉन-पॉलिस्टरचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती आणि चामडी एप्रन घ्या. पकडून उभ्या असलेल्या पोऱ्यालाही तोच मुखवटा हवा.

प्रश्न ७. ४.५ मीटर उंच गोठ्याच्या सिमेंट पत्र्यांवर दुरुस्ती करायची आहे. पट्टा आहे, १.८ मीटरचा झटका शोषणारा दोर आहे, आणि हूक पायाशी, पत्र्याच्या पातळीवर लावता येतो. हे पुरेल का?

अ) हो
ब) हो, दोर जाड असेल तर
क) नाही, डोक्यावरच्या तारेला अडकवलेले, आपोआप गुंडाळणारे रीळ हवे
ड) हेल्मेट घातले की पुरेल

उत्तर : क. बेरीज करा. दोर १.८ मीटर, शोषक उलगडल्यावर सुमारे १.७५, पट्ट्याच्या कडीपासून पावलापर्यंत १.५, वर किमान १ मीटर मोकळी जागा. ६ मीटरच्या वर जाते आणि उंची साडेचार आहे. शोषक पूर्ण उलगडण्याआधीच माणूस जमिनीवर. डोक्यावरचे रीळ मात्र काही फुटांतच थांबवते. जुना पत्रा वजनाने फुटतो, म्हणून खाली आडव्या फळ्या टाका आणि फळीवरूनच चाला.

प्रश्न ८. रात्री २ वाजता वीज आली. सालदार मोटर सुरू करायला वावरात निघाला. तिथे स्टार्टरच्या पेटीला हात लावताच मुंग्या आल्या. काय योग्य?

अ) गमबूट आहेत, पेटी उघडावी
ब) कोरडे फडके हाताला गुंडाळून मुख्य स्विच ओढावा
क) मागे यावे, लाईनमनला कळवावे, तोपर्यंत पेटीला कोणालाही हात लावू देऊ नये
ड) फवारणीचे नायट्राइल मोजे घालून पेटी उघडावी

उत्तर : क. गमबूट वाटेवरच्या घोणस आणि मण्यारीसाठी आहेत, गुडघ्याखालपर्यंतचे. सोबत टॉर्च आणि काठी. ते विजेसाठी तपासलेले नसतात, आणि ओल्या गमबुटातून ४१५ व्होल्ट सहज उतरू शकतात. नायट्राइल मोजे रसायनासाठी आहेत. विजेचे मोजे वेगळे असतात : १००० व्होल्टपर्यंतचे, ‘वर्ग ०’ असे छापलेले, वरून चामडी आवरण घालायचे. वापरण्याआधी कड गुंडाळून आत हवा कोंडतात आणि कुठून फुसफुसते का ते कानाशी धरून ऐकतात. तेही मुख्य पुरवठा बंद करून, कामाच्या माणसानेच वापरायचे. पेटीला मुंग्या येणे म्हणजे अर्थिंग तुटले आहे. ते काम त्या रात्रीचे नाही.