मामंजींचा परिच्छेद

ताई, सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुमचा निरोप वाचला. पैठणीच्या माहितीपत्रकातून मामंजींचा परिच्छेद का काढला, हे फोनवर घाईत सांगावंसं वाटेना, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या सगळ्या मजकुरात तो परिच्छेद सर्वांत सुंदर आहे. भारनियमनात कंदील लावून मागावर बसलेले मामंजी, मोराची मान विणली जात असताना घरात कुणी बोलायचं नाही हा त्यांचा दंडक. दोन दिवस मी त्याला हात लावला नाही.

मग येवल्याला तुमच्या दुकानात पाहिलेलं आठवलं. त्या मायलेकी आल्या होत्या ना? आईने विचारलं, "ही हातमागाचीच कशावरून?" तुम्ही काही न बोलता पदर उलटा करून त्यांच्यासमोर धरलात. मोर जसा पुढून, तसाच मागून. कुठे लोंबता धागा नाही. त्यांचा प्रश्न तिथंच मिटला.

माहितीपत्रक हातात घेणाऱ्या बाईच्या मनातही हाच प्रश्न असतो. एवढे पैसे मोजायचे, आणि घरी गेल्यावर कुणी म्हणालं की ही यंत्रमागाची, तर? घडी उघडली की नजर पहिली आतल्या मधल्या पानावर जाते. तिथे मामंजींचे 130 शब्द होते, आणि पदर कसा पारखायचा ते मागच्या पानावर, पत्त्याखाली. दोन्ही मधल्या पानावर बसवून पाहिलं, तर अक्षर आठ पॉइंटवर आलं. प्रदर्शनाच्या गर्दीत, एका हातात साडी धरून, पन्नाशीच्या बाईला ते वाचवणार नाही.

सातवाहनांच्या ओळी काढताना मला काही वाटलं नाही, तो इतिहास पैठणीच्या कितीतरी पत्रकांत असतो. मामंजींच्या ओळींचं मात्र वाईट वाटलं. त्यातलं एक वाक्य मी ठेवलंय: "मामंजी म्हणायचे, आधी पदर उलटा करून बघा, मग किंमत विचारा." आता तेच मधल्या पानाचा मथळा आहे आणि त्याखाली पदराचे दोन फोटो, पुढून आणि मागून. घडी उघडली की आता पहिले त्यांचेच शब्द दिसतात.

काढण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता. तो केला नाही, याबद्दल मनापासून माफी मागते.

माझं एक सुचवणं आहे. पूर्ण परिच्छेद, एक शब्दही न कापता, जाड कागदाच्या कार्डावर छापून प्रत्येक साडीच्या खोक्यात ठेवूया. साडी घेऊन घरी गेलेली बाई तो निवांत वाचेल, सुनेला दाखवेल. कार्डाचा मजकूर लावून सोबत पाठवते आहे. त्यात कंदिलाची ओळ सर्वांत वर घेतली आहे.

तरीही परिच्छेद पत्रकातच हवा असेल, तर कारागिरांच्या फोटोंपैकी दोन काढावे लागतील. कोणते, ते तुम्ही सांगा. शनिवारी फाइल छपाईला जाते, तेव्हा शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.

आपली,
संपादक