गोलपाशी घर

सोलापूरच्या गड्डा यात्रेत हरवलेल्या पोरांसाठी माईकवर बसायला लागून मला नऊ वर्षं झाली. अक्षता सोहळा आदल्या दिवशीच झाला होता. होम मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी सातच्या सुमारास एका हवालदारांनी चार वर्षांची पोरगी आणून टेबलावर बसवली. लाल स्वेटर, पायात वाळे.

"नाव काय गं?"

"छकुली."

"पप्पांचं नाव?"

"पप्पा."

"घर कुठं आहे?"

"गोलपाशी."

गोल म्हणजे आकाशपाळणा, असं आम्हाला वाटलं. हवालदार तिला कडेवर घेऊन पाळण्यापाशी गेले आणि तसेच परत आले. तिनं त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. "ह्यो न्हाई. देवीचा गोल."

"पप्पा काय करतात?"

"दुकानात दोऱ्या हायत."

चादरींच्या गावात दोरा म्हटल्यावर आम्ही चादरवाल्यांचे सगळे स्टॉल पालथे घातले. तासभर मी एकच पुकारत होतो, "लाल स्वेटरमधली छकुली मंडपात आहे." पण मौत का कुआंच्या बाजूला गाड्यांच्या आवाजापुढं माझा आवाज कुठं पोचणार! गर्दीनं भांबावलेल्या आईबापाला शेजारचा माणूससुद्धा ऐकू येत नाही, हे मी दर वर्षी बघतो. आपलं नाव आलं तरच त्यांचे कान टवकारतात. आणि नेमकं नावच आमच्याकडं नव्हतं.

पोरगी रडत नव्हती, त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. बॅनर बांधून उरलेली सुतळी तिला टेबलावर सापडली होती. तिचे दोन धागे सोडवून ती तळहातांवर घासत पीळ देत होती. सुटला की पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या बांगड्यांच्या पालातल्या मावशी पाणी घेऊन आल्या आणि तिच्या हातांकडं बघत उभ्याच राहिल्या. त्या औशाच्या.

"बाळा, त्या गोलाला रस्ते किती गं?"

"लई. सगळीकडून."

"मधी अंबाबाईचं देऊळ हाय का?"

छकुलीनं जोरात मान हलवली.

"आवो, ही लातूरची! गंजगोलाई म्हणतीय ती. सोळा रस्ते येतात तिथं. माझा माल तिथूनच येतो की."

माझा हात थरथरत होता. "लातूर गंजगोलाईतले दोरखंडाचे दुकानदार! तुमची छकुली मंडपात सुखरूप आहे!" पाच वेळा पुकारलं. आवाज फुटला तरी थांबलो नाही.

दहा मिनिटांत एक माणूस गर्दी रेटत आला. त्याच्या हातात तिची एक चप्पल होती. आई मागून धावत आली, तिनं पोरीला उचललं आणि पदरात गच्च धरलं. बापाला बोलताच येईना. तो नुसता टेबलाला धरून उभा होता.

पोरीनं आईच्या पदरातून हात बाहेर काढला आणि ती सुतळी त्याच्यापुढं धरली.

"पप्पा, पीळ बसंना."

त्यानं तिथंच खाली बसून, डोळे पुसत, सुतळीला पीळ घातला.