टेबलाला कसं कळतं?

चाचणीचे पेपर वाटून झाले, वर्ग रिकामा झाला, तरी ओंकार जागेवरून उठला नाही. अकरावीतली पहिलीच घटक चाचणी, आणि चौथ्या प्रश्नाला पाचपैकी दीड गुण. पेपर घेऊन तो माझ्यामागोमाग प्रयोगशाळेत आला.

"मॅडम, यात माझं चुकलंय कुठे? आकडेमोड तीनदा तपासली. बरोबर येतेय."

प्रश्न असा होता: ४० किलोची पेटी सपाट फरशीवर आहे. तिला दोरी बांधून, आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून, वरच्या बाजूला २०० न्यूटन बलाने ओढली. घर्षणांक ०.४, g १० मीटर प्रति सेकंद वर्ग. पेटीचं त्वरण काढा.

"आकडेमोड बरोबरच आहे. दुसरी ओळ वाच."

"N = mg, म्हणजे ४०० न्यूटन."

"हे कुठून आणलंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, ते असतंच ना? नॉर्मल म्हणजे mg."

हे "असतंच ना" मी दरवर्षी ऐकते, आणि मी त्याचा दोष मुलांना देत नाही. सुरुवातीची दहा-बारा उदाहरणं आपणच त्यांना टेबलावर शांत पडलेल्या ठोकळ्याची देतो. टेबल ठोकळ्याला ज्या बलाने वर ढकलतं ते नॉर्मल तिथे खरोखरच mg, म्हणजे ठोकळ्याच्या वजनाइतकं येतं. मुलं उत्तर लक्षात ठेवतात. ते का आलं, हे कुणी विचारतच नाही.

"का असतं, ते सांग."

"तिसरा नियम. वजन खाली, ती क्रिया. नॉर्मल वर, ती प्रतिक्रिया. समान आणि विरुद्ध."

खरी गाठ इथे होती. ती सुटल्याशिवाय पेटीकडे जाण्यात अर्थ नव्हता.

"क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर असतात का?"

"नाही. दोन वेगळ्या वस्तूंवर."

"वजन कशावर लागतंय?"

"पेटीवर."

"आणि नॉर्मल?"

तो तोंड उघडून थांबला. "पेटीवरच."

"मग ती जोडी कशी झाली?"

बराच वेळ तो आकृतीतले दोन बाण बघत होता. मी बोलले नाही. अशा वेळी शिक्षकाने गप्प बसावं, असं माझं ठाम मत आहे.

"मग वजनाची जोडी कुठली, मॅडम?"

"पेटीला खाली कोण ओढतंय?"

"पृथ्वी. म्हणजे... पेटी पृथ्वीला वर ओढते? एवढीशी पेटी?"

"तेवढ्याच ४०० न्यूटनने. पृथ्वीचं वस्तुमान इतकं अवाढव्य आहे की तिचं त्वरण मोजायलाही सापडणार नाही, पण बल तेवढंच. आता नॉर्मलची जोडी तू सांग."

"फरशी पेटीला वर ढकलते, तर पेटी फरशीला खाली दाबते."

"बरोबर. पहिली जोडी गुरुत्वाकर्षणाची, दुसरी स्पर्शाची. पेटी उचलून हवेत सोडलीस तर खाली पडेपर्यंत पहिली जोडी जशीच्या तशी आहे, आणि दुसरी नाहीच."

"पण टेबलावर ठेवल्यावर दोन्ही सारखी येतात, त्याचं काय?"

"ते दुसऱ्या नियमामुळे. वस्तू वर-खाली हलत नाही, म्हणजे त्या दिशेतलं त्वरण शून्य, म्हणून बलांची बेरीज शून्य. उभ्या दिशेत दोनच बलं असली तर ती सारखी यावीच लागतात. तिसरं कुणी आलं की हिशेब बदलला."

समजल्यासारखी मान त्याने हलवली, पण ती नुसती मानच होती. मी जिमखान्यातून सुईचा वजनकाटा मागवला आणि प्रयोगशाळेच्या ओट्याजवळ ठेवला.

"उभा राहा."

सुई ५२ वर स्थिरावली.

"आता दोन्ही तळहात ओट्यावर टेक आणि खाली दाब. हळूहळू. सुईवरून नजर काढू नको."

सुई मागे सरकू लागली. ५०, ४७, ४३. त्याने अजून जोर लावला, मनगटं थरथरायला लागली आणि सुई ३८ च्या आसपास डुगडुगू लागली.

"वजन कमी झालं का तुझं?"

"नाही. ओट्याने थोडा भार घेतला."

"म्हणजे ओटा तुझ्या हातांना वर ढकलतोय, आणि तेवढं काम काट्याचं कमी झालं. पृथ्वी तुला आधी ओढत होती तेवढीच ओढतेय. आता ओट्याच्या कडेखाली हात घाल आणि ओटा उचलायचा प्रयत्न कर."

ओटा सिमेंटचा. तो काय हलणार! पण सुई ६० च्या पुढे गेली.

"काटा वजन मोजत नाही, ओंकार. तू त्याला किती दाबतोस ते मोजतो, म्हणजेच तो तुला किती वर ढकलतोय ते. नॉर्मलच मोजतो आणि तबकडीवर किलो लिहिलेलं असतं, म्हणून आपली फसगत होते. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश आहे, तरी तिथे काट्यावर पाय ठेवलास तर काटा शून्य दाखवेल. तू, काटा, स्थानक, सगळेच मिळून पृथ्वीकडे पडत असतात. कुणी कुणाला दाबत नाही."

तो काट्यावरून उतरला आणि मग त्याने जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी त्या दिवशी घरी उशिरा जायला आनंदाने तयार झाले.

"मॅडम, पण टेबलाला कसं कळतं? वजनाचं ठीक आहे, वस्तुमान गुणिले g, ठरलेलं. पण टेबल कधी ४०० देतं, कधी ३००, कधी ५००. नेमकं किती द्यायचं, हे त्याला कोण सांगतं?"

मी दोन जाड पुस्तकं हातभर अंतरावर ठेवली, त्यांच्यावर प्लॅस्टिकची लांब पट्टी आडवी टाकली आणि मधोमध खडूची पेटी ठेवली. पट्टी थोडी वाकली आणि थांबली.

"का थांबली?"

"ताणली गेली. परत सरळ व्हायला बघतेय."

"आणि वर ढकलतेय. आता खडूच्या पेटीवर बोट ठेवून दाब."

पट्टी आणखी वाकली, पुन्हा थांबली. बोट काढल्यावर जागेवर आली.

"जास्त दाबलं की जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त ढकलते. दोन्ही जुळेपर्यंत वाकत राहते. टेबल हेच करतं. फक्त ते इतकं थोडं दबतं की डोळ्याला दिसत नाही. आतले अणू एकमेकांच्या किंचित जवळ येतात आणि मागे रेटतात. कुणी सांगावं लागत नाही. आणि एका मर्यादेपलीकडे दाबलंस तर?"

"पट्टी मोडेल."

"म्हणून नॉर्मलला स्वतःचं असं सूत्र नाही. वजनाला आहे. नॉर्मल हे समोरच्याप्रमाणे जुळवून घेणारं बल आहे. ते दरवेळी नव्याने काढायचं असतं, पृष्ठभागाला लंब दिशेत सगळ्या बलांची बेरीज मांडून. आता पेटीकडे ये."

त्याने नवा कागद घेतला. पेटी, खाली ४०० चा बाण, वर N, आणि दोरीचा तिरका बाण. तिरक्या बाणाचे त्याने दोन भाग पाडले: आडवा १७३, उभा १००.

"हा उभा शंभर... पेटीला उचलतोय थोडा."

"मग?"

"N अधिक १०० बरोबर ४००. N ३००." पेन भराभर चालू लागलं. "घर्षण ०.४ गुणिले ३००, १२०. आधी मी १६० धरलं होतं. १७३ वजा १२०, ५३. भागिले ४०... १.३३. माझं ०.३३ आलं होतं. मॅडम, चौपट फरक!"

"आता दोरी काढ. तेवढंच २०० न्यूटन बल, तोच ३० अंशांचा कोन, पण मागून वाकून खाली रेटतोयस."

"शंभर खाली जाणार. N ५००. घर्षण २००. आणि पुढे रेटणारं बल १७३." तो थांबला. "हलणारच नाही."

"सुटतानाचं घर्षण तर सरकतानाच्या घर्षणापेक्षा सहसा थोडं जास्तच असतं. नाहीच हलणार."

"आमच्या दुकानात तेलाच्या डब्यांची खोकी असतात. मी वरून रेटायला लागलो की बाबा ओरडतात, दोरी लावून ओढ म्हणून. मला वाटायचं, खोकं फाटेल म्हणून ओरडतात."

त्याच्या बाबांनी नॉर्मल हा शब्द कधी वापरला नसेल, पण कमरेला तो पक्का ठाऊक आहे.

पुढचं मग झपाट्याने झालं. उतारावरचा ठोकळा त्याने न विचारता मांडला: लंब दिशेत वजनाचा mg cosθ एवढाच भाग येतो, म्हणून नॉर्मल तेवढंच, ६० अंशांच्या उतारावर निम्मं. भिंतीवर तळहाताने दाबून धरलेल्या वहीपाशी मात्र तो अडखळला, वजन कुठे घालायचं म्हणून. भिंतीचं नॉर्मल आडवं, वजन उभं. दोघांची गाठच पडत नाही. तिथे नॉर्मल हाताच्या आडव्या रेट्याइतकं, आणि वजन पेलतं ते घर्षण. लिफ्टचंही त्याने केलं. वर जायला निघताना त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर त्याच्यासाठी नॉर्मल ५२ × ११, म्हणजे ५७२ न्यूटन. काटा ५७.२ दाखवेल.

"आणि एकाच वेगाने वर जाताना?"

"जास्तच... नाही, थांबा. त्वरण शून्य. ५२."

या ठिकाणी वर्गातली निम्मी मुलं घसरतात. वेग आणि त्वरण यांची गल्लत इतकी चिवट असते.

शिपाईमामा किल्ल्या वाजवत दाराशी आले. काटा जिमखान्यात परत द्यायचा होता. ओंकारने तो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मॅडम, एकदाच. यावर उभं राहून झटकन खाली बसलो, तर सुई कमी होणार ना? त्वरण खाली आहे."

"करून बघ."

तो उभा राहिला, सुई ५२ वर येऊ दिली आणि गपकन उकिडवा बसला. सुई खाली झेपावली, चाळिशीच्याही आत गेली, आणि दुसऱ्याच क्षणी उसळून ७० च्या पुढे जाऊन हेलकावत ५२ वर आली.

"वर का गेली? मी तर खालीच चाललो होतो."

मी सांगायला तोंड उघडलं.

"थांबा, मॅडम. सांगू नका." तो तसाच उकिडवा, सुईकडे बघत बसून राहिला. शिपाईमामांनी किल्ल्या वाजवणं थांबवलं. "शेवटी मी थांबलो. खाली जाणारा थांबायचा, तर त्वरण वर लागतं. म्हणून नॉर्मल mg पेक्षा जास्त. हो ना?"