पुनर्विकास करारनाम्याच्या सुधारित मसुद्याचा सारांश

धरमपेठ, नागपूर
दि. २४ मार्च

सर्व सभासदांस,

विकासकाने २१ मार्च रोजी करारनाम्याचा दुसरा मसुदा पाठवला असून, पहिल्या मसुद्यावरून ६ मार्चला वाटलेल्या सारांशाऐवजी आता हा सारांश ग्राह्य धरावा. विकासकाच्या पत्रात सगळे बदल नमूद नाहीत. दोन्ही मसुदे ओळीने ताडून पाहता आम्हाला एक बदल जास्त आढळला. ज्या कलमांचा खाली उल्लेख नाही, ती जशीच्या तशी आहेत.

पत्रात न सांगितलेला बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. कलम ७ मधील प्रत्येक सदनिकेचे कार्पेट क्षेत्रफळ ७२० वरून ७६० चौरस फूट झाले, असे पत्र सांगते आणि आकडा तसाच आहे. परंतु परिशिष्ट ‘अ’मधील व्याख्येत आता ‘बाल्कनीसह’ हा शब्द आला आहे. पहिल्या मसुद्यात ४८ चौरस फुटांची बाल्कनी ७२० च्या व्यतिरिक्त होती, म्हणजे एकूण ७६८ मिळत होते. नव्या ७६० मधून तीच बाल्कनी वजा केल्यास ७१२ उरतात, म्हणजे ४० फुटांची वाढ नसून ८ फुटांची घट आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील व्याख्येनुसार बाल्कनी कार्पेट क्षेत्रफळात धरली जात नाही, त्यामुळे जुनी व्याख्या परत घ्यावी, असे समितीचे स्पष्ट मत आहे.

कलम ११ मध्ये ताबा देण्याची मुदत घरे रिकामी केल्यापासून ३० महिने होती. ती आता बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून २४ महिने आहे. आकडा कमी झाला, तरी प्रमाणपत्र किती दिवसांत आणायचे याचे बंधन मसुद्यात कुठेही नाही, आणि घरे सोडल्यावर ते मिळण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लागल्यास आपला मुक्काम भाड्याच्या घरात पूर्वीपेक्षा लांबेल.

कलम १४ मधील बँक हमी प्रकल्प खर्चाच्या १० टक्क्यांवरून २० टक्के केली आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांशी ती आता जुळते आणि आपली मागणी पूर्ण झाली आहे. कलम ९ मधील मासिक भाडे १८,००० वरून २०,००० रुपये झाले आहे.

एक दुरुस्ती मात्र मसुद्यातील नाही, आमच्या सारांशातील आहे. दुचाकीसाठी स्वतंत्र जागा मिळेल असे आम्ही लिहिले होते. दोन्ही मसुद्यांत प्रत्येक सदनिकेस फक्त एका चारचाकीची जागा आहे. या चुकीबद्दल दिलगीर आहोत.

दोन्ही मसुद्यांच्या प्रती, बदललेल्या ओळी अधोरेखित करून, संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. कलम ७ आणि ११ वरील हरकती शनिवारपर्यंत लेखी द्याव्यात. त्या एकत्र करून सोमवारी विकासकाकडे पाठवल्या जातील.

आपला,
सचिव, व्यवस्थापन समिती