डबा

विहिरीला एकवीस पायऱ्या. अठरा रेवतीच्या ओळखीच्या. खालच्या तीन हिरव्या पाण्यात. भावकीतली सहा-सहा वर्षांची पोरं वरून धडाधड मुटके मारायची आणि ही नववीतली घोडी त्यांचे कपडे राखत बसायची. लहानपणी ओढ्यात पाय घसरला होता. तेव्हापासून पाणी गुडघ्यावर आलं की हिचा श्वास अडकायचा.

मे महिन्यात आत्या माहेरी आली. तिनं गोडेतेलाचा रिकामा डबा शोधला, त्याला घट्ट बूच बसवलं आणि कासऱ्यानं रेवतीच्या पाठीला आवळला.

"पोहू नकोस. नुसती पायरी धरून बस."

चार दिवस ती नुसती बसली. पाचव्या दिवशी पाय हलवले. काखेत कासऱ्याचे वळ उठले, नाकात पाणी गेलं. एकदा तर तिनं आत्याचा गळाच आवळला.

"अगं भवाने, मला मारतेस का!" आत्या खोकत ओरडली आणि दोघी पायरीवर बसून हसत सुटल्या.

रोज हातभर पुढं. कधी दोन दिवस मागंही. तिसऱ्या आठवड्यात ती समोरच्या भिंतीला हात लावून परत आली. पायरी चढताना पाठ एकदम खाली ओढली गेली. डबा एवढा जड?

तिनं गाठ सोडून बूच काढलं. आतलं पाणी भळाभळा पायांवर सांडलं.

"आत्या! कधीपासून भरतेयस?"

"सोमवारपासून," आत्या केस पिळत म्हणाली. "रोज एक तांब्या."